खालची टाकी, गुरुवारचं पाणी आणि आमचं चुकलेलं वेळापत्रक

आमची इमारत पुण्यात, कर्वेनगरमधली. खाली पार्किंग, वर तीन मजले, एकूण बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. बांधकाम १९९६ सालचं. मनपाचं पाणी सकाळी दोन-अडीच तास येतं आणि जमिनीखालच्या टाकीत साठतं. तिथून पंपाने ते गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढतं. शिवाय एक बोअरवेल आहे. तिचं पाणी उन्हाळ्यात गाड्या आणि झाडांसाठी म्हणून घेतलं होतं, पण कधीतरी कोणीतरी त्याची पाइप खालच्या टाकीत आणून सोडली, आणि तेव्हापासून टंचाई आली की ते पाणी तिथेच मिसळतं. मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे काम कोणाला नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

देखभालीचं वेळापत्रक आमच्याकडे नव्हतं असं नाही. चांगलं टाइप करून जिन्याखाली लावलेलं होतं. मे महिन्यात टाक्या धुणे, मेअखेर प्लंबिंग, ऑगस्टमध्ये वायरिंग आणि अर्थिंग, जुलैत पेस्ट कंट्रोल. हे महिने कोणी आणि का ठरवले हे विचारलं तर उत्तर एवढंच होतं, की त्या त्या माणसाला तेव्हा वेळ असतो. टाक्या धुणाऱ्याला मे सोयीचा, पेस्ट कंट्रोलवाल्याचा वार्षिक करार जुलैत संपतो. प्रत्येक काम वर्षातून एकदा होत होतं आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण पडत होती. गेल्या पावसाळ्यात याच वेळापत्रकाने आम्हाला अडचणीत आणलं.

जुलैतला एक शनिवार

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं सांगायला नको. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की मनपा बहुतेक गुरुवार निवडते, आणि सोबत ते ठरलेलं वाक्य येतं: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. आमच्याकडे निम्म्या घरांत गुरुवारचा उपास असतो. टाकीलाही असतो, असं अध्यक्षकाका म्हणतात.

त्या आठवड्यात बुधवार रात्रीपासून पाऊस जोरात होता. गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी आलं ते जेमतेम पाऊण तास. शनिवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला. "अगं, पाण्याला वास येतोय. गटाराचा नाही म्हणवत, पण चांगलाही नाही." तासाभरात दुसऱ्या मजल्यावरून कळलं, की दोन्ही मुलांना रात्रीपासून जुलाब होताहेत. मुलांचे जुलाब बाहेरच्या खाण्यानेही होतात, त्यामुळे त्यावरून लगेच काही ठरवलं नाही. पण सगळ्यांना पाणी न पिण्याचा निरोप दिला आणि पंप बंद केला.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा घाबरून आम्ही एक क्लोरोस्कोप आणून ठेवला होता. छोटीशी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. पिण्याच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. शनिवारी मनपाच्या नळाला ते ०.५ आलं. खालच्या टाकीत रंगच आला नाही, वरच्या टाकीतही नाही.

वरच्या टाकीत क्लोरीन न सापडणं एवढं विशेष नाही. उन्हाने आणि साठून ते कमी होतंच. खालच्या टाकीत मात्र दोनच तासांपूर्वी ०.५ चं पाणी पडलेलं होतं. तिथे ते शून्यावर यायचं तर क्लोरीन खाऊन टाकणारं काहीतरी पाण्यात असलं पाहिजे, म्हणजे घाण. वीस मेला धुतलेल्या टाकीत दीड महिन्यात इतकी घाण आली कुठून?

खूण दोन रात्रींची

प्लंबरने आल्या आल्या टाकी पुन्हा धुवायला काढूया म्हटलं. मी नको म्हटलं. धुतली असती तर वास गेला असता आणि कारण तसंच राहिलं असतं. आधी टाकी गळते का ते बघायचं ठरलं. ही चाचणी सोपी आहे आणि तिला एक मोजपट्टी सोडून काही लागत नाही.

टाकी आतून साधारण तीन मीटर बाय अडीच मीटर आहे. शनिवारी रात्री ती भरून घेतली, बॉलकॉक वर बांधून टाकला, मनपाचा आणि बोअरचा व्हॉल्व्ह बंद केला, पंपाचा स्विच काढून त्यावर चिकटपट्टी लावली. झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर रात्री दहाला मोजलं आणि सकाळी सहाला पुन्हा मोजलं. पाणी १४ मिलिमीटर खाली गेलं होतं. साडेसात चौरस मीटरच्या टाकीत १४ मिलिमीटर म्हणजे शंभरेक लिटर. झाकण बंद असलेल्या टाकीतून वाफ होऊन इतकं पाणी जात नाही. ते भिंतीतून बाहेर जात होतं.

दुसऱ्या रात्री टाकी मुद्दाम निम्म्यावर आणून तीच मोजणी केली. सकाळी पातळी जागच्या जागी. यातून एक गोष्ट नक्की झाली: भोक वरच्या निम्म्या भागात आहे. पाणी भोकाच्या खाली गेलं की गळती थांबते. आणि टाकीतलं पाणी भोकाच्या खाली असताना बाहेर पाणी साचलेलं असेल, तर गळती उलटी होते. बाहेरचं पाणी आत येतं.

टाकीपासून चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर आहे. त्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला पोतं ठोकून ते पाण्याने भरलं आणि त्यात जिलबीत घालतात तो केशरी रंग ओतला. खालची टाकी तेव्हा निम्म्यावरच होती आणि ते पाणी आम्ही फेकणारच होतो. तळमजल्यावर खुर्ची टाकून प्लंबर टॉर्चने आत बघत बसला. चाळीसेक मिनिटांनी जमिनीपासून अडीच फूट खाली, जिथे बोअरवेलची पाइप टाकीच्या भिंतीत शिरते, तिथून प्लास्टरवर केशरी ओघळ उतरायला लागला. आजी झाकणापाशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या घरात गेल्या आणि त्यांनी माठ उपडा केला.

क्रम कुठे चुकला

रजिस्टर काढून तारखा बघितल्या तेव्हा सगळं उलगडलं. टाकी धुतली २० मेला. बोअरवेलची गंजलेली लोखंडी पाइप बदलून नवी प्लास्टिकची टाकली २९ मेला. म्हणजे स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या टाकीची भिंत नऊ दिवसांनी फोडली गेली आणि पाइपभोवती साधं सिमेंट भरून बुजवली गेली. गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट धरत नाही. वाळताना ते आकसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. त्यावर नीट पाणीही मारलं गेलं नव्हतं. शिवाय पाइपसाठी खणलेली चारी चेंबरला खेटून जाते, आणि ती बुजवताना माती ठोकून बसवलेली नव्हती. भुसभुशीत चारी म्हणजे जमिनीखालचा ओढाच. चेंबरच्या विटांतून झिरपलेलं पाणी त्या चारीने थेट टाकीच्या भोकापर्यंत पोचत होतं.

तरी जूनमध्ये काही झालं नाही, ते का? कारण दोन गोष्टी एकदम व्हाव्या लागतात. चेंबर तुंबून भरलं पाहिजे आणि त्याच वेळी टाकी रिकामी असली पाहिजे. चेंबर एरवी भरत नाही. पण आमच्या गच्चीचे पावसाळी पाइप, जुन्या इमारतींत बऱ्याचदा असतात तसे, ड्रेनेजच्या चेंबरलाच जोडलेले होते. गच्ची अडीचशे चौरस मीटरची. तासात ४० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी त्या एका चेंबरवर येतं, आणि तिथून पुढे जायला सहा इंची लाइन, तीही घरांतल्या सांडपाण्यासाठी घातलेली. चेंबर जमिनीखाली फूटभरापर्यंत भरतं. एरवीच्या दिवशी टाकीही थोड्या वेळासाठी खाली जाते, पण सकाळी ताजं पाणी येऊन ती भरते आणि भोक पुन्हा पाण्याखाली जातं. गुरुवारी ते झालं नाही. बुधवारी रात्रीपासून शुक्रवार सकाळपर्यंत टाकी खाली आणि चेंबर भरलेलं. शुक्रवारी आलेल्या पाऊण तासाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या घाणीला पुरलं नाही.

प्लंबरला दोष देणं सोपं होतं आणि दोन जणांनी तो दिलाही. पण त्याला २९ मेला आम्हीच बोलावलं होतं, वेळापत्रकाप्रमाणे.

टाकीत उतरण्याआधी

सोमवारी टाकी रिकामी करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि माझ्या मते ती पाण्यापेक्षा गंभीर होती. टाकी धुणाऱ्या मुलाने गाळ उपसायला छोटा विजेचा पंप सोडला आणि घोटाभर पाण्यात पाय ठेवला. लगेच ओरडून वर आला. पायाला झिणझिण्या आल्या होत्या. मेन स्विच पाडला, वायरमनला बोलावलं. पंपाच्या पॅनेलमधून अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी पट्टी खड्ड्याच्या टोकाला गंजून तुटली होती. पंपाच्या सर्किटला आरसीसीबी नव्हताच. हे उपकरण गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी क्षणात पुरवठा तोडतं. ओल्या टाकीत काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो. तो त्याच दिवशी बसवला. आता टाकीत माणूस उतरण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघायचं आणि तो पडला नाही तर काम रद्द, असं पॅनेलवर लिहून ठेवलंय. गाळ उपसताना टाकीत माणूस असेल तर विजेचा पंप आत चालू ठेवायचा नाही, हेही.

उतरण्याचं बाकीचं थोडक्यात: झाकण अर्धा तास आधी उघडं, वर एक माणूस दोर धरून उभा, आणि पेट्रोलवर चालणारं यंत्र आत न्यायचं नाही. त्याच्या धुराने बंद टाकीत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही.

धुण्याबद्दल एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही. बोअरच्या पाण्याने भिंतींवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो काढायला धुणारे अ‍ॅसिड आणतात. त्यानंतर त्याच भिंतींवर ब्लीचिंग मारलं तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद खोलीत. अ‍ॅसिड वापरलंच तर टाकी भरपूर पाण्याने धुऊन, उपसून, मगच ब्लीचिंग. आम्ही अ‍ॅसिडच बंद केलं, तारेच्या ब्रशवर भागवतो.

निर्जंतुकीकरणाचा हिशोब असा केला. आमच्याकडच्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन धरलं. भिंतींना लावायला वीस लिटरच्या बादलीत १५ ग्रॅम पावडर, म्हणजे लिटरला दोनशेच्या वर मिलिग्रॅम. ते आतल्या टोकापासून तोंडाकडे येत ब्रशने लावायचं, अर्धा तास ठेवायचं, धुऊन उपसायचं. मग टाकीत बारा हजार लिटर भरल्यावर लिटरला एक मिलिग्रॅम मिळायला १२ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ४० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपने बघायचं. उघडं पाकीट जुनं झालं की पावडरची ताकद उतरते, त्यामुळे चाळीस ग्रॅमवर विसंबायचं नाही, पेटीतल्या रंगावर विसंबायचं. आमच्या पहिल्या फेरीत रंग जेमतेम आला. पाकीट मागच्या दिवाळीचं होतं.

भोक मात्र तेव्हा नीट दुरुस्त करता आलं नाही. बाहेर चिखल, चारीत पाणी, आणि बारा घरांचं पाणी किती दिवस बंद ठेवणार? आतून पाण्यातही घट्ट होणारं सिमेंट भरलं आणि बोअरची पाइप टाकीबाहेर कापून बूच मारलं. चेंबरशी जोडलेल्या पावसाळी पाइपांपैकी एक तात्पुरता वळवून अंगणात सोडला. आठवड्याने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणावी लागते, घरची चालत नाही. जंतू सापडले नाहीत. मुलं तोपर्यंत बरी होऊन खाली क्रिकेट खेळत होती.

नवं वेळापत्रक कसं लावलं

सप्टेंबरच्या शेवटी वार्षिक सभा असते. कायद्याप्रमाणे ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, आणि हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण पावसाळ्यातलं सगळं दुखणं तेव्हा लोकांच्या डोक्यात ताजं असतं. फेब्रुवारीत खर्च मागितला तर कोणी देत नाही. सभेत मी महिन्यांची यादी न मांडता दोन प्रश्न मांडले. हे काम कोणत्या कामाने बिघडतं? आणि हा दोष कोणत्या ऋतूत सगळ्यात जास्त दिसतो?

पहिल्या प्रश्नाने क्रम लागला. खणण्या-फोडण्याची कामं आधी, मग विजेची, मग गळतीची दोन रात्रींची चाचणी आणि सगळ्यात शेवटी टाकी धुणं. टाकी धुतल्यावर दसऱ्यापर्यंत तिच्या आसपास कोणी छिन्नी लावायची नाही. अगदीच पाइप फुटली आणि लावावी लागली तर चाचणी आणि धुणं पुन्हा. हा नियम लिहून ठेवला तेव्हा खजिनदारांनी दुप्पट खर्चाची तक्रार केली. ती खरी आहे.

दुसऱ्या प्रश्नाने महिने बदलले, आणि तिथे मला स्वतःला शिकायला मिळालं. अर्थिंगचंच घ्या. आम्ही ते दर ऑगस्टमध्ये मोजून घेत होतो आणि दर वर्षी आकडा छान यायचा, ३ ओहमच्या आसपास. ऑगस्टमध्ये माती ओली असते आणि ओल्या मातीतून वीज सहज जाते. खरी परीक्षा कोरड्या मातीत. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात, पट्टी बदलून झाल्यावर, मोजलं तर ११ ओहम आले. वायरमन खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला निघाला होता, म्हणजे आकडा खाली आला असता. मी त्याला थांबवलं. ११ ओहमचा अर्थ त्यानेच मग समजावून सांगितला. पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर २३० भागिले ११, म्हणजे साधारण २१ अँपिअर जमिनीत जातील. आमचा एमसीबी ३२ चा. तो पडणारच नाही आणि पंपाचं अंग विजेने भरलेलं राहील. ३ ओहम असते तर सत्तरच्या वर अँपिअर गेले असते आणि तो थोड्या वेळात पडला असता. खड्डा नव्याने भरून दुसरी नळी ठोकली. भर उन्हाळ्यात, पाणी न ओतता, आता साडेचार येतात. आणि आरसीसीबी आहेच, तो या आकड्यावर अवलंबून नसतो.

वायरच्या आवरणाची तपासणी याच्या अगदी उलट. मेगरने मोजलं की मे महिन्यात सगळ्या वायरी निरोगी दिसतात, कारण त्या कोरड्या असतात. ओल लागली की भेगाळलेल्या आवरणातून वीज झिरपते. म्हणून मीटर बोर्ड आणि जिन्याची लाइन ऑगस्टमध्ये, सलग दोन-तीन दिवस पाऊस पडल्यावर मोजायची. ५०० व्होल्टवर एक मेगाओहमच्या खाली आलेली लाइन दिवाळीआधी बदलायची, कारण दिवाळीत गच्चीपासून खालपर्यंत माळा लागतात आणि त्या सगळ्या जिन्याच्या लाइनवर असतात. त्यातल्या त्यात मीटर बोर्डातले सैल स्क्रू घट्ट करणं खंडेनवमीला ठेवलंय. पंपाला आणि बोर्डाला झेंडू वाहायला सगळे जमतातच, तेव्हा वायरमनही येतो, आणि अर्ध्या तासाचं काम होऊन जातं. आधी काम, मग झेंडू, एवढंच बघावं लागतं.

वाळवीचंही तसंच निघालं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते ती बाहेरून आलेली असू शकते, पण पार्किंगच्या भिंतीतून किंवा दाराच्या चौकटीतून बाहेर पडताना दिसली तर घर तिथेच आहे. जूनमध्ये फक्त ती जागा खडूने नोंदवायची. औषध सोडायला जून-जुलै चुकीचे. जमीन-भिंतीच्या सांध्यावर फूटभर अंतराने भोकं पाडून त्यांत औषधाचं पाणी सोडतात आणि ते मातीने शोषून घ्यायचं असतं. पाण्याने आधीच भरलेली माती ते घेत नाही, औषध वाहून जातं. आमचा करार जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला होता आणि भोकं पाडायची रांग टाकीच्या बाजूने जात होती, त्याच चारीवरून. टाकीचा घोळ एक आठवडा उशिरा कळला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. आता हे काम फेब्रुवारीत. टाकी आणि बोअरवेलच्या बाजूच्या भिंती करारातून लेखी वगळल्या, तिथे लाकडी चौकटी काढून दगडी बसवल्या.

डासांसाठी वर्षातला एक दिवस पुरत नाही. एडिस डासाचा अंड्यापासून उडण्यापर्यंतचा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्यातून एकदा फेरी मारावीच लागते. गुरुवारच ठेवला. ओव्हरफ्लोच्या पाइपची जाळी, वरच्या टाक्यांची झाकणं, गच्चीवरच्या कुंड्यांच्या ताटल्या आणि कोणीतरी टाकून दिलेलं फ्लशचं टाकं. ताटल्या नुसत्या उपड्या करून भागत नाही, घासाव्या लागतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात. ही फेरी जून ते नोव्हेंबर दुसऱ्या मजल्यावरची ती दोन मुलं मारतात, पगार आठवड्याला एक आइस्क्रीम. झुरळं आणि उंदीर यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चेंबरची झाकणं बसती केली आणि डक्टमधल्या पाइपांची भोकं जाळी घालून बुजवली, तेव्हा निम्मा प्रश्न संपला.

आजवर काय झालं

मार्च-एप्रिलमध्ये खणण्याची कामं झाली. पावसाळी पाइप चेंबरपासून तोडून रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराला वेगळे नेले. सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले आणि सगळ्यात जास्त भांडणही याचंच झालं, कारण दोन गाड्यांच्या जागा तीन आठवडे अडल्या. टाकीचं भोक आठ इंची चौकोनात फोडून, पाइपला कॉलर घालून, न आकसणारं ग्राउट भरलं आणि आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा लेप दिला. बोअरची पाइप परत टाकीत घ्यायची का यावर मतदान झालं. ती आता बाहेरच आहे, झाडांना. टंचाईत टँकर मागवू.

अठरा मेला दोन रात्रींची चाचणी झाली. भरलेल्या टाकीत आठ तासांत एक मिलिमीटर, निम्म्या टाकीत काहीच नाही. एक मिलिमीटर म्हणजे आमच्या पट्टीच्या चुकीएवढं. दुसऱ्या दिवशी टाक्या धुतल्या. त्यानंतर एक वळीव आला आणि गच्चीवर शेजारच्या गुलमोहराचा एवढा पाला पडला, की गच्चीच्या पावसाळी पाइपांवरच्या जाळ्या लगेच साफ कराव्या लागल्या. ते काम आम्ही मेच्या सुरुवातीला करून टिक मारली होती. पुढच्या वर्षी ते वळवाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंय, तारखेशिवाय.

चेंबर तुंबतं की नाही हे पहिल्या मोठ्या पावसातच कळेल. त्याच्या आतल्या भिंतीवर खडूने एक रेघ मारून ठेवलीय, जमिनीपासून अडीच फूट खाली. पाणी त्या रेघेच्या वर चढलेलं दिसलं तर पंप बंद करून आधी मला फोन करायचा, असं पार्किंगमध्ये लिहून लावलंय. आजींनी माझा नंबर तोंडपाठ केलाय.